शिक्षकाचे दिसणे आणि विद्यार्थ्याचे शिकणे : लखनौच्या संगीत महाविद्यालयाच्या आधारे एक प्रस्तावना

शिक्षक वर्गात जे सांगतो त्याची नोंद अभ्यासक्रमात, पाठटाचणात आणि प्रश्नपत्रिकेत सापडते. तो जे करतो त्याची नोंद सहसा कोठेच होत नाही. चुकलेल्या मुलाकडे तो कसा पाहतो, उत्तर ठाऊक नसेल तेव्हा काय करतो, तास सुरू होण्यापूर्वी वाद्य किंवा फळा कसा सिद्ध करतो, हुशार विद्यार्थ्याचे बोलणे किती वेळ ऐकून घेतो आणि मागच्या रांगेतल्याचे किती, या गोष्टी विद्यार्थी रोज पाहतात, त्यांतल्या काही मनात साठवतात आणि पुष्कळदा वर्षांनंतर, स्वतः शिकवू लागल्यावर, तशाच करतात. या व्यवहाराचे सर्वांत नेटके वर्णन मानसशास्त्रातील सामाजिक अध्ययन उपपत्तीने केले आहे. दुसऱ्याचे वर्तन आणि त्या वर्तनाचे परिणाम पाहूनच माणूस बरेचसे शिकतो, प्रत्येक गोष्ट स्वतः करून आणि तिचे फळ स्वतः भोगून शिकण्याची त्याला गरज नसते, असे ही उपपत्ती मानते. ज्याचे वर्तन पाहिले जाते त्याला तिच्या परिभाषेत प्रतिमान म्हणतात आणि अशा शिकण्याला निरीक्षणात्मक अध्ययन.

ही उपपत्ती शिक्षकाच्या नित्याच्या वागण्याला लावून पाहायची तर पाहून-ऐकून शिकण्याची रीत आणि पुस्तकी शिक्षण यांना जाणीवपूर्वक एका छताखाली आणणारी संस्था अधिक उपयोगी पडते. लखनौमध्ये १९२६ साली स्थापन झालेले मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्तानी म्युझिक ही तशी संस्था आहे. ती उभी करण्यात वाळकेश्वरी जन्मलेले आणि वकिलीचे शिक्षण घेतलेले विष्णु नारायण भातखंडे अग्रभागी होते, आणि १९२८पासून जवळजवळ तीन दशके तिचे प्राचार्यपद श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी सांभाळले. मराठी वाचकाला ही दोन्ही नावे संगीताच्या इतिहासातून परिचित असतात. शिक्षकाच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांच्या कार्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. या प्रस्तावनेत ते पाहणे योजिले आहे, कारण शिक्षकाने लिहून दिलेले आणि शिक्षकाने करून दाखवलेले यांच्यातील सीमारेषा गाण्याच्या वर्गात जितकी स्पष्ट दिसते तितकी गणिताच्या किंवा इतिहासाच्या वर्गात दिसत नाही.

उपपत्तीचा गाभा समजण्यासाठी अल्बर्ट बँड्युरा यांचा १९६५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पुरेसा आहे. १९६१ साली त्यांनी डोरोथिया रॉस आणि शीला रॉस यांच्यासह केलेला प्रयोग अधिक प्रसिद्ध आहे. त्यात प्रौढ व्यक्तीला हवेने फुगवलेल्या बाहुल्याला मारताना पाहिलेली मुले तशीच वागली, एवढे दिसले होते. पण शिक्षकाच्या दृष्टीने १९६५चा प्रयोग महत्त्वाचा आहे. त्यात ६६ लहान मुलांना एक चित्रफीत दाखवण्यात आली. फितीतील मोठा माणूस बाहुल्याला विशिष्ट प्रकारे मारझोड करीत होता, मात्र फितीचा शेवट तीन प्रकारचा होता : काही मुलांनी त्या माणसाला शाबासकी मिळताना पाहिले, काहींनी त्याला शिक्षा होताना पाहिले, आणि काहींच्या फितीत त्याला ना बक्षीस मिळाले ना दंड. नंतर मुलांना तसल्याच बाहुल्यासह एकटे सोडले, तेव्हा शिक्षा पाहिलेल्या मुलांनी बरेच कमी अनुकरण केले. प्रयोग येथे थांबला असता तर शिक्षा पाहिलेली मुले शिकलीच नाहीत असा निष्कर्ष निघाला असता. परंतु पुढच्या टप्प्यात, फितीतले जे जे आठवते ते करून दाखवल्यास खाऊ आणि चित्रे मिळतील असे सांगितल्यावर तिन्ही गटांतील मुलांनी जवळजवळ सारखेच करून दाखवले.

याचा अर्थ असा की शिकणे आणि शिकलेले करून दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहिलेले वर्तन मनात जमा होते, ते बाहेर पडते की नाही हे परिस्थिती ठरवते. दुसऱ्याला मिळालेले बक्षीस किंवा दंड पाहून आपल्या वागण्यावर जो परिणाम होतो त्याला परोक्ष प्रबलन म्हणतात, आणि ते शिकण्यापेक्षा करण्यावर अधिक काम करते. बँड्युरा यांनी पुढे, विशेषतः १९७७च्या ग्रंथात, पाहण्यापासून करण्यापर्यंतच्या या वाटचालीचे चार घटक मांडले : प्रतिमानाकडे लक्ष जाणे म्हणजे अवधान, पाहिलेले मनात टिकवणे म्हणजे धारणा, ते स्वतःच्या अवयवांनी पुन्हा घडवणे म्हणजे पुनर्निर्मिती, आणि ते करावेसे वाटणे म्हणजे प्रेरणा. यांपैकी कोणताही एक तुटला तरी अनुकरण घडत नाही, आणि शिक्षकाला सहसा एवढेच दिसते की विद्यार्थ्याला जमले नाही. नेमका कोणता दुवा तुटला हे त्याला शोधावे लागते.

मॅरिस कॉलेज सुरू झाले तेव्हा हिंदुस्तानी गायनाची विद्या मुख्यतः घराण्यांतून चालत होती. शिष्य गुरूच्या घरी राही, त्याचा तंबोरा लावी, त्याच्या मागे बसून मैफलीत साथ करी आणि वर्षानुवर्षे ऐकत राही. गुरू काय शिकवणार, कधी आणि किती, याचे वेळापत्रक नसे. चीज लिहून देणे तर पुष्कळांना मान्यच नव्हते. भातखंडे यांनी या रीतीतील दोन गोष्टींवर बोट ठेवले : विद्या मोजक्या कुटुंबांत अडकते, आणि शिष्याला जे येते त्याचे नियम त्याला सांगता येत नाहीत. त्यांनी रामपूर, जयपूर आणि इतर ठिकाणच्या गायकांकडून जमवलेल्या चिजा स्वरलिपीत लिहिल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या. त्यांची संख्या दीड हजारांहून अधिक आहे. बडोदे आणि ग्वाल्हेर येथील संगीतशिक्षणाच्या पुनर्रचनेनंतर लखनौच्या कॉलेजात या मालिकेवर आधारलेला वर्षवार अभ्यासक्रम उभा राहिला, आणि परीक्षा व पदव्या आल्या. राय उमानाथ बली आणि राजा नवाब अली यांच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या या संस्थेला संयुक्त प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम मॅरिस यांचे नाव मिळाले. १९६६ साली राज्य सरकारने ती ताब्यात घेऊन तिला भातखंडे यांचे नाव दिले आणि २००० साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कैसरबागेतील ज्या परीखान्यात वाजिद अली शाहच्या काळी नृत्य-गायनाचे शिक्षण दिले जाई, तीच वास्तू पुढे या संस्थेच्या वाट्याला आली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भातखंडे यांच्यावर विद्या पुस्तकात कोंडल्याचा आरोप अनेकदा झाला आहे. परंतु त्यांचा चार भागांतील मराठी ग्रंथ, हिंदुस्तानी संगीत पद्धती, गुरू आणि शिष्य यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेला आहे. त्यातला शिष्य शंका घेतो, दोन मतांतील विरोध दाखवतो, आणि गुरू चिडत नाही, उत्तर देतो किंवा या बाबतीत निश्चित सांगता येत नाही असे मान्य करतो. बँड्युरा यांनी प्रतिमानांचे तीन प्रकार मानले आहेत : समोर प्रत्यक्ष वागणारे, शब्दांतून सूचना देणारे, आणि चित्रपट, पुस्तक अशा माध्यमांतून भेटणारे प्रतीकात्मक प्रतिमान. त्या अर्थाने या ग्रंथातून रागांच्या माहितीबरोबरच शंका ऐकून घेणाऱ्या शिक्षकाचे प्रतीकात्मक प्रतिमानही वाचकापुढे ठेवले गेले. ज्या परंपरेत गुरूला प्रश्न विचारणे उद्धटपणाचे मानले जाण्याची शक्यता होती, त्या परंपरेतल्या भावी शिक्षकासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

आता वर्गाकडे वळावे. अवधानाचा प्रश्न येथे पहिल्या क्षणापासून उभा राहतो. घरी राहणाऱ्या शिष्याला पाहण्यासाठी सगळा दिवस होता. कॉलेजातल्या विद्यार्थ्याला ठरावीक तास आहे आणि शेजारी इतर विद्यार्थी आहेत. उपपत्ती सांगते की निरीक्षक सर्व काही टिपत नाही. जे ठळक आहे, जे सामर्थ्यवान किंवा प्रतिष्ठित व्यक्ती करते आहे, आणि जे आपल्या कामाचे वाटते तेच टिपतो. गाण्याच्या वर्गात ठळक काय असते? हाताचे हावभाव, मान वळवणे, आवाज चढवताना चेहऱ्यावर येणारा ताण. जे महत्त्वाचे असते, म्हणजे श्वास कोठे घेतला, स्वर लावण्यापूर्वी तंबोऱ्याच्या कोणत्या तारेकडे कान होता, ते जवळजवळ अदृश्य असते. म्हणून तंबोरा लावण्याचे काम शिक्षक वर्गापूर्वी उरकतो की विद्यार्थ्यांसमोर करतो, याने मोठा फरक पडतो. समोर लावला, जवारीचा दोरा थोडा सरकवून तार पुन्हा छेडली आणि अजून बसली नाही म्हणून खुंटी परत फिरवली, तर ऐकणाऱ्याला सुरात असणे म्हणजे काय याचा एक मापदंड मिळतो, जो कितीही सांगून मिळत नाही. वेळ वाचवण्यासाठी तो आधीच लावून ठेवला तर विद्यार्थी लावलेला तंबोरा ओळखायला शिकतात, लावायला शिकत नाहीत.

धारणेच्या बाबतीत भातखंडे यांची पद्धती उपपत्तीच्या आश्चर्यकारकरीत्या जवळ जाते. पाहिलेले मनात टिकायचे तर त्याचे चित्रात किंवा शब्दांत रूपांतर व्हावे लागते, असे बँड्युरा म्हणतात. क्रमिक मालिकेत रागांच्या सरगमी आहेत, म्हणजे नुसत्या स्वरनामांची गीते. लक्षणगीते आहेत, ज्यांच्या शब्दांतच त्या रागाचे स्वर, वादी-संवादी आणि वर्ज्य-अवर्ज्य सांगितलेले असतात. आणि त्यानंतर विलंबित व द्रुत ख्याल, ध्रुपद वगैरे चिजा आहेत. यांतील पुष्कळ लक्षणगीते भातखंडे यांनी स्वतः रचली. विद्यार्थी लक्षणगीत गातो तेव्हा राग त्याच्या गळ्यातून जात असतो आणि त्याच वेळी रागाचा नियम त्याच्या तोंडी शब्दांत येत असतो. पाहिलेल्या वर्तनाला शाब्दिक खूण जोडण्याचे याहून नेमके उदाहरण शिक्षणाच्या इतिहासात शोधावे लागेल. शिवाय एकाच रागातील अनेक चिजा शिकवण्यामागे आणखी एक लाभ आहे. निरीक्षक एकच उदाहरण पाहतो तेव्हा त्याची नक्कल करतो. वेगवेगळी पण एकाच नियमाने बांधलेली अनेक उदाहरणे पाहतो तेव्हा त्यांतला समान नियम काढून घेतो आणि कधी न ऐकलेले नवे उदाहरण स्वतः घडवू शकतो. याला अमूर्त प्रतिमानन म्हणतात. यमनच्या आठ-दहा चिजा आल्यावर विद्यार्थ्याला आलाप सुचू लागतो आणि तो यमनचाच असतो. चिजांची संख्या वाढवण्याचे खरे प्रयोजन हे होते.

परंतु धारणा पुरेशी नसते, आणि पुनर्निर्मितीच्या टप्प्यावर पुस्तकाची मर्यादा उघडी पडते. दरबारी कानडा घ्यावा. भातखंडे स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब, तार सप्तकासाठी वर टिंब. ही खुणांची व्यवस्था साधी असल्यामुळेच छपाईत आणि अध्यापनात टिकली. दरबारीतील कोमल गंधार या लिपीत रेघ दिलेल्या ग-ने दाखवता येतो. अडाण्यातलाही कोमल गंधार तसाच दाखवता येतो, कारण दोन्ही राग असावरी थाटातले मानले जातात आणि दोघांत गंधार, धैवत, निषाद कोमल आहेत. तरी दरबारीचा गंधार संथ, खाली झुकत हेलकावे घेणारा, म्हणजे आंदोलित असतो, आणि अडाणा तार षड्जाकडे झेपावणारा असल्यामुळे त्याला तसे रेंगाळणे चालत नाही. रेघ एकच, स्वर वेगळा.

हा गंधार शिकवताना काय घडते ते पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे. शिक्षक गंधार, मध्यम, ऋषभ, षड्ज या वळणाने स्वरसमूह गातो आणि विद्यार्थी तो परत म्हणतात. पहिल्या खेपेला बहुतेकांचा गंधार स्थिर येतो. त्यांनी स्वराचे नाव टिपले, हालचाल टिपली नाही, म्हणजे अवधानात उणीव आहे. शिक्षक हालचाल मोठी करून दाखवतो, हाताने हेलकावा दाखवतो. दुसऱ्या खेपेला काही विद्यार्थी स्वर थरथरवतात. आता त्यांनी हालचाल पाहिली, पण तिची गती चुकली आणि हाताचा हावभाव मात्र बिनचूक आला. तिसऱ्या पायरीवर कुशल शिक्षक हात खाली ठेवतो, तंबोऱ्यावर नुसता ऋषभ लावून घेतो, तेथून गंधाराकडे हळू जाऊन परत येतो, आणि वर्गाला गाऊ न देता दोनतीनदा ऐकवतो. ऐकण्याची ही सक्ती महत्त्वाची आहे, कारण सगळा वर्ग एकत्र गात असताना कोणालाच स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येत नाही, आणि आपण केलेले व प्रतिमानाने केलेले यांतले अंतर कळल्याशिवाय पुनर्निर्मिती सुधारत नाही. नंतर तो एकेकाला गायला लावतो. विद्यार्थ्याला आंदोलन आले आहे की त्याने ते फक्त पाठ केले आहे हे पारखण्याची खूण सोपी आहे : त्याला तोच स्वर अडाण्यात लावायला सांगावा. ज्याने नक्कल केली असेल त्याचा अडाण्याचा गंधारही डोलू लागतो.

याच टप्प्यावर मिश्र वर्गाची एक अडचण येते, जिचा उल्लेख शिक्षणाच्या पुस्तकांत क्वचितच आढळतो. पुरुष शिक्षकाचा षड्ज काळी एक किंवा त्याच्या आसपास असतो, मुलींचा साधारण काळी चार-पाचला. एका तंबोऱ्यावर सगळा वर्ग गातो तेव्हा कोणीतरी आपल्या गळ्याला न मानवणाऱ्या पट्टीत गात असतो, आणि शिक्षकाच्या स्वरासारखा स्वर काढण्याच्या प्रयत्नात गळा दाबतो. घशातून जाड आवाज काढणारी मुलगी किंवा नाकात गाणारा मुलगा पाहून आवाजाची जात अशीच आहे असे शिक्षकाला वाटते; वस्तुतः तो त्याच्याच आवाजाचा ठसा असू शकतो. गायकांच्या परिभाषेत मुद्रादोष म्हणतात ते पुष्कळदा असेच उतरलेले असतात. वयस्क गुरूचा थकलेला, फाटलेला आवाज तरुण शिष्य कौशल्याने काढतो तेव्हा त्याला अनुकरणाची शक्ती आहे यात शंका नसते, परंतु जे आधी जायला हवे होते तेच आधी आले आहे. शिक्षकाने यावर करण्यासारखा उपाय म्हणजे आपली मुद्रा स्वतः ओळखणे आणि विद्यार्थ्यांना ती उघडपणे दाखवून वेगळी काढणे; नुसते असे करू नका म्हणून भागत नाही, कारण सांगणे आणि करणे यांत विरोध आला की मुले करण्याकडे झुकतात. जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक यांनी १९७० साली मुलांना औदार्याचा उपदेश करणारी आणि प्रत्यक्ष दान देणारी किंवा न देणारी प्रतिमाने दाखवली तेव्हा उपदेशाचा परिणाम मुलांच्या बोलण्यावर दिसला, पण त्यांनी स्वतः दिले किती हे मुख्यतः प्रतिमानाने काय केले यावरून ठरले.

प्रेरणेच्या बाबतीत वर्गातला दुसरा विद्यार्थी शिक्षकाइतकाच महत्त्वाचा ठरतो. समजा, एक विद्यार्थी झपतालात तान घेत आहे आणि समेवर एक मात्रा आधी येऊन पोचतो. शिक्षक त्याला थांबवून ताल कळत नाही असे फटकारू शकतो, किंवा ठेका हाताने चालू ठेवून तान कोठे अपुरी पडली ते दाखवू शकतो आणि त्यालाच पुन्हा घ्यायला लावू शकतो. पहिल्या प्रकारात चुकलेल्या मुलापेक्षा न चुकलेल्या पंधरा जणांवर होणारा परिणाम मोठा असतो. त्यांनी तान घेण्याचे फळ पाहिले आहे. त्यांना तान घ्यायची कशी हे आता थोडेफार कळलेही असेल, पण ते ती घेणार नाहीत, पाठ केलेल्या तानाच म्हणतील. १९६५च्या प्रयोगातील शिक्षा पाहिलेल्या मुलांचे वर्तन हेच होते. परीक्षेत पाठ तानांना गुण मिळत असतील तर वर्ष संपेपर्यंत ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

शिवाय प्रतिमान नेहमी निर्दोषच असावे असे नाही. डेल शंक आणि अँटोनेट हॅन्सन यांनी १९८५ साली वजाबाकीत मागे पडलेल्या मुलांसोबत केलेल्या अभ्यासात, शिक्षकाला उदाहरण सोडवताना पाहण्यापेक्षा समवयस्क मुलाला सोडवताना पाहिल्याने मुलांचा आपल्याला जमेल हा विश्वास, म्हणजे आत्मक्षमतेची जाणीव, अधिक वाढली आणि कौशल्यही वाढले. आपल्यासारख्याला जमते हे दिसणे ही वेगळीच शक्ती आहे. त्याच कारणाने, आपल्या चुकीशी झगडून ती ओलांडणारे प्रतिमान काही परिस्थितींत सहज करणाऱ्या प्रतिमानापेक्षा अधिक उपयोगी ठरते. घराण्यातला उस्ताद शिष्यापुढे सहसा सिद्ध रूपातच येई, त्याची साधना बंद दाराआड होई. कॉलेजच्या वर्गात शिक्षकाला विद्यार्थ्यांसमोर नवी चीज बसवावी लागते, स्वरलिपी वाचताना अडखळावे लागते. यामुळे प्रतिष्ठा जाते अशी भीती बाळगणारा शिक्षक विद्यार्थ्यांना शिकण्याची क्रिया दाखवण्याची संधी घालवतो.

लखनौच्या संस्थेचे या विषयातले खरे वैशिष्ट्य आणखी पुढे आहे. तिच्यातून गायक निघाले तसेच मोठ्या संख्येने शिक्षक निघाले. कृष्ण गुंडोपंत गिंडे हे बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचे. लहान वयात लखनौला रातंजनकर यांच्याकडे राहून शिकले आणि पुढे मुंबईत भारतीय विद्या भवन आणि वल्लभ संगीतालय येथे शिकवले. एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर, चिदानंद नगरकर या सर्वांचा रातंजनकरांकडील शिक्षणाशी संबंध आहे, आणि यांपैकी प्रत्येकाने शिकवण्याचे काम केले. गिंडे यांच्यासारख्या घरात राहिलेल्या शिष्याने वर्ग आणि घर ही दोन्ही ठिकाणे पाहिली. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली दाखवून दिले की शिक्षक होणारा माणूस प्रशिक्षणापूर्वीच शाळेत विद्यार्थी म्हणून अंदाजे १३,००० तास शिक्षकांना पाहत बसलेला असतो. याला त्यांनी निरीक्षणाची उमेदवारी म्हटले. त्यांचा इशारा असा होता की या उमेदवारीत विद्यार्थ्याला शिक्षकाचे करणे दिसते, पण ते करण्यामागचा विचार दिसत नाही : शिक्षकाने तो प्रश्न त्याच मुलाला का विचारला, धडा अर्धाच का सोडला, हे बाकावरून कळत नाही. म्हणून नवा शिक्षक पहिल्या कठीण प्रसंगात प्रशिक्षणात शिकलेले विसरतो आणि आपल्या जुन्या गुरुजींसारखा वागतो, क्वचित त्यांच्याच शब्दांत. पाठ्यक्रम बदलला तरी वर्गातली रीत बदलत नाही, याचे एक मोठे कारण हे आहे.

रातंजनकर यांच्या स्वतःच्या घडणीत या कोंडीतून सुटण्याची एक वाट दिसते. ते प्रथम कारवारकडील कृष्णम्‌भट यांच्याकडे, नंतर अनंत मनोहर जोशी यांच्याकडे शिकले. भातखंडे यांच्याकडून त्यांना शास्त्र आणि चिजांचा संग्रह मिळाला. आणि बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी आग्रा घराण्याच्या फैयाज खाँ यांच्याकडे तालीम घेतली. मग ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधरही झाले. एका प्रतिमानाजवळ राहणारा निरीक्षक बहुधा त्याच्यासारखा होतो. अनेक आणि परस्परांहून भिन्न प्रतिमाने पाहणारा निरीक्षक कोणा एकासारखा न होता त्यांच्या वर्तनातील घटक नव्या रीतीने जुळवतो, असे बँड्युरा यांनी सर्जनशील प्रतिमाननाविषयी म्हटले आहे. भातखंडे यांची काटेकोर पद्धती आणि फैयाज खाँ यांची दमदार, प्रसंगानुसार फुलणारी गायकी ही दोन टोके होती, आणि त्यांतले कोणते कोठे वापरायचे हे रातंजनकर यांना स्वतः ठरवावे लागले. निवड करावी लागते तेथे नक्कल थांबते.

या उपपत्तीच्या मर्यादाही येथेच मांडल्या पाहिजेत. तिने अनुकरण कसे घडते याचे चांगले वर्णन केले आहे. कोणत्या निरीक्षकाला कोणते प्रतिमान का भिडते, याचे उत्तर ती मोघम देते. ज्याला गाण्याचा कान मुळातच आहे आणि ज्याला नाही अशा दोघांना एकाच वर्गात बसवल्यास होणाऱ्या फरकाचा मोठा भाग चार घटकांच्या बाहेर राहतो. प्रयोगशाळेतील मुलांनी अनोळखी माणसाला काही मिनिटे पाहिले होते. विद्यार्थी शिक्षकाला वर्षे पाहतो, त्याच्याशी त्याचे नाते असते, त्याच्याविषयी आदर किंवा राग असतो, आणि कधी कधी तो जाणीवपूर्वक उलट वागायला शिकतो. मार खाल्लेल्या काही शिक्षकांनी पुढे हात उगारला आणि काहींनी कधीच उगारला नाही. उपपत्ती पहिल्यांविषयी अधिक बोलते. शारीरिक शिक्षा करणे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने बंद केले असले, तरी उगारलेल्या हाताची मुद्रा पाहिलेल्या पिढीत ती कशी मावळते, हा प्रश्न केवळ कायद्याने सुटणारा नाही.

म्हणून शिक्षकाच्या नित्य वर्तनाचा अभ्यास करणाऱ्याने शिक्षकाला शिकवताना पाहण्यापुरते थांबू नये. वर्गात बसताना त्याने शिक्षकापेक्षा विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांकडे तोंड करून बसावे आणि शिक्षकाच्या कोणत्या कृतीवर डोळे वळतात ते टिपावे. नंतर शिक्षक नसलेल्या दिवशी वरच्या वर्गातला विद्यार्थी खालच्या वर्गाला चीज सांगतो तेव्हा तेथे जावे. तंबोरा कोण लावतो, तो लावताना इतर थांबतात का, चुकलेल्या मुलाला आधी काय म्हटले जाते, न जमलेला तुकडा पुन्हा सांगितला जातो की दुसऱ्याला संधी दिली जाते, चीज सांगणारा स्वतः चुकला तर तो ते मान्य करतो की पुढे रेटतो, या गोष्टींची नोंद शिक्षकाच्या तासाच्या नोंदीशेजारी ठेवावी. दोन्ही नोंदींत जुळणाऱ्या ओळी कोणत्या हे आधी पाहावे, आणि त्यांतल्या कोणत्या ओळी अभ्यासक्रमात नव्हत्या हे त्यानंतर.